ऑफर हाती आल्यावरचं पत्र

ऑफर लेटर बहुधा संध्याकाळी येतं आणि त्यासोबत दोन-तीन दिवसांची मुदत असते. घरात आनंद होतो, आईवडिलांना कळवलं जातं, आणि मग रात्री एकटं बसून आकडे पाहताना मनात येतं, की हे थोडं कमी वाटतंय. मागावं का? मागितलं तर हावरट समजतील, ऑफरच मागे घेतील, अशी भीती वाटते. त्या भीतीपोटी कितीतरी जण 'स्वीकारतो' असं कळवून मोकळे होतात आणि पुढची दोन वर्षं मनात कुढत राहतात. काही जण उलट करतात. 'अपेक्षेपेक्षा कमी आहे, वीस लाख करा' असं एका ओळीत पाठवतात आणि समोरच्याचा सूर का बदलला ते त्यांना कळत नाही.

भरतीच्या बाजूला बसून अशी पत्रं मी भरपूर वाचली आहेत. त्यावरून सांगतो, की मागितल्याने माणूस कृतघ्न ठरत नाही. कारण न देता मागितलं, किंवा हप्त्याहप्त्याने मागितलं, की तसं वाटू लागतं. पगार, जॉइनिंग बोनस आणि नोटीस बायआउट हे तीन वेगळ्या स्वरूपाचे पैसे आहेत. कंपनीत त्यांचे नियम वेगळे असतात, मंजुरी देणारी माणसंही अनेकदा वेगळी असतात. ज्याने या तिघांची गल्लत केली, त्याच्या पत्रात 'अजून द्या' एवढंच ऐकू येतं. ज्याने प्रत्येकाला त्याचं स्वतःचं कारण दिलं, त्याचं पत्र हिशेबी आणि सभ्य वाटतं.

एक उदाहरण घेऊ. माणूस कल्पित आहे, पण आकड्यांची मांडणी पुण्यात रोज दिसते तशीच आहे. हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत सात वर्षं अनुभवाची एक टेस्ट इंजिनिअर आहे. सीटीसी १४,४०,०००, सगळी फिक्स्ड. बेसिक महिना ६०,०००. नोटीस पीरियड ९० दिवसांचा. खराडीतल्या कंपनीने तिला १८,००,००० ची ऑफर दिली आहे. त्यात १६,२०,००० फिक्स्ड आणि १,८०,००० व्हेरिएबल. अट एकच, ४५ दिवसांत रुजू व्हायचं.

चौदा चाळीसवरून अठरा म्हणजे बरोबर २५ टक्के वाढ. घरी सांगायला छान आकडा आहे, पण उत्तर लिहिण्याआधी तो उकलून पाहायला हवा. सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफ असतो, तो बेसिकच्या १२ टक्के धरू. ग्रॅच्युइटीची तरतूद असते, ती बेसिकच्या ४.८१ टक्के. हे दोन्ही पैसे तुमचेच असतात, पण महिन्याच्या पगारात दिसत नाहीत. ते वजा केले, की आजच्या नोकरीत तिचा ग्रॉस पगार महिन्याला सुमारे १,०९,९०० पडतो. नव्या ऑफरमध्ये बेसिक फिक्स्डच्या निम्मं, म्हणजे वर्षाला ८,१०,००० धरलं, तर त्याच पद्धतीने ग्रॉस येतो सुमारे १,२३,६५०. वाढ झाली साडेबारा टक्के. बाकीची वाढ व्हेरिएबलमध्ये आणि मोठ्या झालेल्या पीएफ-ग्रॅच्युइटीत गेली. व्हेरिएबल तर कंपनीच्या आणि तुमच्या वर्षभराच्या कामगिरीवर ठरणार, तेही बहुतेकदा वर्षाच्या शेवटी. काही कंपन्या आरोग्य विम्याचा हप्ताही सीटीसीत मोजतात, तेव्हा तोही पाहावा.

म्हणजे बोलायचं ते फिक्स्डवर. 'सीटीसी वाढवा' म्हटलं तर एचआर व्हेरिएबल वाढवून अठराचे एकोणीस करून देईल आणि महिन्याच्या पगारात एक रुपयाही वाढणार नाही. तिने ठरवलं, महिन्याचा ग्रॉस १,३०,००० च्या आसपास हवा. उलटा हिशेब केला तर त्यासाठी फिक्स्ड १७,१०,००० लागतं. हा तिचा पहिला आकडा.

आता त्याला कारण हवं. फ्लॅटचा हप्ता, मुलाची शाळेची फी, पुण्यातली महागाई ही कारणं खरी असतात, पण एचआरला ती वापरता येत नाहीत. एचआरला तुमची मागणी वर कुणाला तरी पाठवायची असते. बहुधा तुम्हाला निवडणाऱ्या मॅनेजरला आणि कंपनीच्या वेतनश्रेणी सांभाळणाऱ्या टीमला. तिथे विचारलं जातं, हिला जास्त का द्यायचं? आणि त्याच टीममध्ये आधीपासून असलेल्यांना काय मिळतं? या दुसऱ्या प्रश्नाला ते 'पॅरिटी' म्हणतात आणि बहुतेक मागण्या तिथेच अडतात. म्हणून कारण कामातून यायला हवं. आपल्या उदाहरणात ते सापडतं. जाहिरातीत फक्त ऑटोमेशन टेस्टिंग होतं, पण मुलाखतीच्या दुसऱ्या फेरीत मॅनेजर म्हणाले होते, की चार जणांची टीमही सांभाळावी लागेल. काम वाढलं, ऑफर आधीच्या कामाची राहिली. हे कारण एचआर जसंच्या तसं वर पाठवू शकते. तुमच्या बाबतीत असं काही घडलं नसेल, तर ज्या कौशल्याबद्दल मुलाखतीत जास्त खोदून विचारलं गेलं ते आठवा. त्यांना कशाची गरज आहे हे बहुधा त्यातून कळतं.

दुसरी ऑफर हाती असेल तर ती सांगावी, पण खरी असेल तरच आणि धमकीच्या सुरात नको. फुगवलेला सध्याचा पगार तर कधीच सांगू नये. रुजू होताना सॅलरी स्लिप आणि फॉर्म १६ मागतात, आणि पडताळणीत आकडा जुळला नाही तर सही झालेली ऑफरही जाते.

जॉइनिंग बोनसचा तर्क पूर्ण वेगळा आहे. तो एकदाच द्यायचा असल्याने पॅरिटी बिघडत नाही, पुढच्या वर्षीची वेतनवाढ त्यावर मोजली जात नाही. त्यामुळे पगाराची श्रेणी संपली असेल तिथेही तो मिळू शकतो. पण 'जॉइनिंग बोनसही द्या' एवढंच म्हटलं तर ते हात पसरल्यासारखं दिसतं. त्याचं सर्वांत भक्कम कारण म्हणजे नोकरी सोडताना तुम्ही मागे टाकत असलेले पैसे. आपल्या इंजिनिअरला सध्याच्या कंपनीकडून डिसेंबरमध्ये १,२०,००० चा रिटेन्शन बोनस मिळायचा आहे. अट अशी, की त्या दिवशी माणूस कंपनीत असावा आणि नोटिशीवर नसावा. तिने ऑक्टोबरच्या सुरुवातीला राजीनामा दिला की ते पैसे गेले. या अटीचं पत्र तिच्याकडे आहे आणि ती ते दाखवू शकते. अर्धवट राहिलेल्या वर्षाचं व्हेरिएबल, किंवा पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडेच महिने असताना बुडणारी ग्रॅच्युइटी, हीसुद्धा अशीच दाखवता येणारी नुकसानं आहेत.

तिसरा मुद्दा नोटीस बायआउटचा. इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो आणि पैशाचा खरा फटका बसतो, म्हणून थोडं थांबून पाहू.

तिचा नोटीस पीरियड ९० दिवसांचा, नव्या कंपनीला ती हवी ४५ दिवसांत. उरलेल्या ४५ दिवसांचे पैसे जुनी कंपनी तिच्या शेवटच्या हिशेबातून, म्हणजे फुल अँड फायनलमधून कापून घेणार. ते पैसे नव्या कंपनीने भरून द्यावेत, ही मागणी. आता हे पैसे किती? उत्तर जुन्या कंपनीच्या नेमणूकपत्रातल्या एका शब्दावर अवलंबून असतं. कपात बेसिकवर असेल तर ४५ दिवसांचे ९०,००० होतात. ग्रॉसवर असेल तर तेच सुमारे १,६५,०००. जवळपास दुप्पट. तरीही नेमणूकपत्र न उघडता अंदाजाने आकडा सांगणारे खूप असतात, आणि मग नव्या कंपनीने ९०,००० मंजूर केल्यावर जुनी कंपनी १,६५,००० कापते. आपल्या उदाहरणात कपात बेसिकवर आहे असं धरू.

त्याच पानावर आणखी एक वाक्य शोधावं. बहुतेक कंपन्या लिहितात, की नोटिशीच्या बदल्यात पैसे घेऊन लवकर सोडायचं की नाही हे व्यवस्थापन ठरवेल. म्हणजे पैसे भरायची तयारी असली तरी सोडतीलच असं नाही. प्रोजेक्ट अडकलेला असेल तर मॅनेजर ९० दिवस थांबवू शकतो, आणि न ऐकता निघालात तर रिलीव्हिंग लेटर अडकतं. ते नसेल तर नवी कंपनी रुजू करून घेताना अडवते. म्हणून रुजू होण्याची तारीख पत्रात छातीठोकपणे देऊ नये. 'सध्याच्या कंपनीने लवकर मुक्त करण्यास संमती दिल्यास' ही अट तारखेच्या शेजारी हवीच.

शिवाय कर आहे. नवी कंपनी बायआउटचे पैसे परत देते ते सहसा पगाराचा भाग म्हणून, पावती पाहून, पहिल्या किंवा दुसऱ्या पगारात. त्यावर टीडीएस कापला जातो. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत १२ ते १६ लाखांच्या टप्प्यावर १५ टक्के आणि त्यावर उपकर, म्हणजे १५.६ टक्के. तिचं त्या वर्षाचं करपात्र उत्पन्न याच टप्प्यात येतं. ९०,००० पैकी सुमारे १४,००० करात जातील आणि हाती पडतील ७६,०००. जुन्या कंपनीने मात्र पूर्ण ९०,००० कापलेले असतील. कापलेली ही रक्कम जुन्या कंपनीच्या फॉर्म १६ मध्ये उत्पन्नातून वजा झाली आहे का, ते जरूर पाहावं आणि झाली नसेल तर विवरणपत्र भरण्याआधी सीएला दाखवावं. या मुद्द्यावर वाद झाले आहेत आणि काही निर्णय नोकरदारांच्या बाजूने लागले आहेत. आणखी एक: कपातीवर कुणी १८ टक्के जीएसटी लावत असेल तर विचारणा करावी. नोटिशीच्या बदल्यात वसूल केलेल्या रकमेवर जीएसटी लागू होत नाही, असा खुलासा केंद्राने ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात केला आहे.

करामुळे पडलेली ही १४,००० ची खोट बायआउटच्या रकमेत घालून मागता येत नाही, कारण कंपनी पावतीइतकेच पैसे देते. ती जॉइनिंग बोनसमध्ये धरायची. म्हणून १,२०,००० ऐवजी तिने १,३५,००० मागायचं ठरवलं.

आता पत्र. प्रत्यक्षात ते इंग्रजीत जाईल, पण आधी आपल्या भाषेत लिहून पाहिलं की कुठे अजीजी झाली आणि कुठे उर्मटपणा आला ते पटकन कळतं. मी ते असं लिहीन:

'नमस्कार मॅडम,

ऑफर मिळाली, मनापासून आभार. दुसऱ्या फेरीत टीमच्या अडचणींवर जी सविस्तर चर्चा झाली, तेव्हापासून हे काम करायची इच्छा आहे. मला रुजू व्हायचं आहे. सही करण्याआधी तीन गोष्टी एकत्रच मांडते.

पहिली, फिक्स्ड पगार. ऑफरमध्ये १६.२० लाख आहे. जाहिरातीतल्या कामासोबत चार जणांच्या टीमची जबाबदारीही असेल, असं सरांनी सांगितलं होतं. ती लक्षात घेऊन फिक्स्ड १७.१० लाख करता येईल का?

दुसरी, जॉइनिंग बोनस. आत्ता राजीनामा दिल्यास डिसेंबरचा १,२०,००० चा रिटेन्शन बोनस मला मिळणार नाही. त्याचं पत्र सोबत जोडलं आहे. तो आणि बायआउटच्या रकमेवरचा कर धरून १,३५,००० जॉइनिंग बोनस मिळावा, अशी विनंती आहे.

तिसरी, नोटीस. माझी नोटीस ९० दिवसांची आहे. आपल्याला हवं तसं ४५ दिवसांत रुजू व्हायचं तर उरलेल्या ४५ दिवसांचे, बेसिकनुसार, ९०,००० कापले जातील. फुल अँड फायनलच्या कागदांवर ही रक्कम परत मिळावी. सध्याच्या कंपनीने लवकर मुक्त करण्यास संमती दिली की तारीख पक्की कळवते.

यातलं काही बसत नसेल तर फोनवर बोलायला मी तयार आहे. उद्या संध्याकाळी सहानंतर कधीही चालेल.'

या पत्रात आभार एकदाच आहेत आणि ते नेमके आहेत. 'तुम्ही मला संधी दिलीत, मी कायम ऋणी राहीन' असं लिहून खाली तीन मागण्या ठेवल्या, की वरचं वाक्य खोटं वाटतं. 'माफ करा, विचारायला संकोच वाटतो' हेही नको, कारण मग समोरच्यालाही वाटू लागतं की काही तरी चुकीचं मागितलं जातंय. 'मला रुजू व्हायचं आहे' हे वाक्य मात्र फार कामाचं आहे. एचआरची खरी भीती असते, की उमेदवार आपल्या ऑफरवर दुसरीकडे भाव करतोय आणि रुजू होण्याच्या दिवशी येणारच नाही. पुण्या-बंगळुरात हे इतकं घडतं, की या एका वाक्याने बोलणं सोपं होतं. आणि तीनही गोष्टी एकत्र आहेत. पगार वाढवून घेतल्यावर चार दिवसांनी बोनस, मग बायआउट, असं केलं तर दर वेळी एचआरला वरच्यांकडून नव्याने मंजुरी आणावी लागते. तिथे मात्र माणूस खरोखर कृतघ्न वाटू लागतो.

उत्तर बहुधा फोनवर येतं. 'बँड संपला आहे, सोळा ऐंशीच्या पुढे जाता येणार नाही. जॉइनिंग बोनस एक लाख, बायआउट पूर्ण देऊ.' हे चांगलं उत्तर आहे. फिक्स्ड १६,८०,००० म्हणजे ग्रॉस सुमारे १,२८,००० आणि साडेबाराऐवजी साधारण साडेसोळा टक्के वाढ. इथे लगेच हो किंवा नाही म्हणायची गरज नाही. 'आभारी आहे, आज संध्याकाळपर्यंत कळवते' एवढं पुरे. फिक्स्ड जराही हलत नसेल, तर व्हेरिएबलमधला काही भाग फिक्स्डमध्ये आणता येईल का हे विचारता येतं. एकूण सीटीसी तीच राहते, त्यामुळे ते कधी कधी जमतं. सहा महिन्यांनी पगाराचा आढावा घेऊ, असं आश्वासन मिळालं तर ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्यावं. फोनवरचं आश्वासन देणारी एचआर सहा महिन्यांनी त्याच कंपनीत असेल याची खात्री नसते.

ऑफर मागे घेतली जाईल का, या भीतीबद्दल. असं एक सभ्य पत्र पाठवल्यामुळे ऑफर गेल्याचं माझ्या पाहण्यात फारसं नाही. ऑफर जाते ती दिलेल्या मुदतीत उत्तर न दिल्यामुळे, मान्य करून पुन्हा मागितल्यामुळे, किंवा पडताळणीत खोटं निघाल्यामुळे. मात्र फ्रेशर म्हणून शंभर जणांच्या तुकडीत भरती होत असेल, किंवा सरकारी वेतनश्रेणीची नोकरी असेल, तर आकडे ठरलेलेच असतात. तिथे हे पत्र लिहिण्यात अर्थ नाही.

बोलणं जमलं की सुधारित ऑफर लेटर मागवायचं, आणि ते आल्यावर जॉइनिंग बोनसचा परिच्छेद सावकाश वाचायचा. एका वर्षात, कधी दोन वर्षांत नोकरी सोडली तर बोनस परत द्यायचा, अशी अट जवळपास नेहमी असते. प्रश्न असतो किती परत द्यायचा. एक लाखातून कर कापून तिला मिळणार ८४,४००. आठ महिन्यांनी सोडलं आणि अटीत 'पूर्ण रक्कम' असेल, तर तिच्याकडून एक लाख वसूल होतील. राहिलेल्या महिन्यांच्या प्रमाणात असं लिहिलेलं असेल तर चार महिन्यांचे ३३,३३३. हा फरक एका विनंतीने मिटू शकतो, कारण कंपनीला त्यासाठी आज काहीच खर्च येत नाही. कंपनीनेच कामावरून कमी केलं तर बोनस परत मागणार नाही, एवढी ओळही मागून घ्यावी. बायआउटच्या रकमेलाही हीच अट लावलेली असते, ते अनेकांच्या लक्षात येत नाही.

बायआउटच्या ओळीत चार गोष्टी हव्यात: कमाल किती रक्कम, किती दिवसांची, कोणत्या कागदावर आणि कोणत्या महिन्याच्या पगारात. 'कंपनीच्या धोरणानुसार' एवढंच लिहिलं असेल तर ते धोरण मेलवर मागवा. जुन्या कंपनीचा फुल अँड फायनलचा कागद यायला कधी दीड महिनाही लागतो. नव्या कंपनीच्या धोरणात तीस दिवसांत पावती द्या असं असेल, तर मुदतवाढ आधीच लिहून घ्यावी.

हे सगळं पत्रात आलं, सही झाली, त्यांची पोच मिळाली, की मग राजीनामा. फोनवर 'नक्की आहे' म्हटल्यावर दिलेला राजीनामा मागे घेणं फार अवघड असतं. राजीनाम्याच्या मेलमध्येच लवकर मुक्त करण्याची विनंती आणि हवी ती शेवटची तारीख लिहावी, शिल्लक सुट्ट्या नोटिशीत धरता येतील का तेही विचारावं. तसे दहा दिवस जरी धरले गेले, तरी कपात ४५ ऐवजी ३५ दिवसांची होते, आणि नव्या कंपनीकडे मागायची रक्कम ९०,००० वरून ७०,००० वर येते. ते त्यांना त्याच दिवशी कळवावं.